पैगंबरांचे पहिले चरित्रकार

महंमद पैगंबरांचे वडील अब्दुल्ला केव्हा वारले? पैगंबर जन्मापूर्वीच पितृछत्राला पारखे झाले, असं कोणत्याही सर्वसाधारण चरित्रात वाचायला मिळतं आणि आपण ते वाचून पुढे जातो. पण सर्वांत जुनी चरित्रं शेजारी शेजारी ठेवून हाच एक तपशील शोधू लागलं, तर ही चरित्रं कशी घडली याचा जणू नकाशाच समोर येतो. त्यांचा इतिहासाची साधनं म्हणून उपयोग करताना अभ्यासकांची अडचण नेमकी कुठे होते, तेही त्यातून कळतं. त्या तपशिलाकडे जाण्याआधी ही पुस्तकं कोणी आणि कशी तयार केली, ते पाहायला हवं.

पैगंबरांचं निधन ६३२ साली मदिनेत झालं. त्यांचं जे सर्वांत जुनं सविस्तर चरित्र आज आपल्यापर्यंत पोहोचलं आहे, त्याचा कर्ता इब्न इसहाक हा ७६७ च्या सुमारास बगदादमध्ये वारला. म्हणजे चरित्रनायक आणि चरित्रकार यांच्यात सव्वाशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे. पैगंबरांना पाहिलेला एकही माणूस इब्न इसहाकला भेटणं शक्य नव्हतं. त्याला भेटली ती नातवंडं, पतवंडं आणि शिष्यांचे शिष्य.

अर्थात मधला काळ कोरा नव्हता. मदिनेत ही सगळी माहिती घराघरांत जिवंत होती. कोणाचा आजोबा बद्रच्या लढाईत होता, कोणाचा पणजोबा उहुदला पडला होता. अशा आठवणी पद्धतशीर विचारून घेणाऱ्या पहिल्या पिढीत उर्वा इब्न जुबैर याचं नाव अग्रभागी येतं. उर्वाची आई अस्मा ही पहिले खलिफा अबू बकर यांची मुलगी, आणि पैगंबरांच्या पत्नी आयेशा या त्याच्या मावशी. ७१२ च्या आसपास तो वारला. उमय्या घराण्यातला खलिफा अब्दुल मलिक दमास्कसहून त्याला प्रश्न विचारत असे आणि उर्वा पत्रानं उत्तर देत असे. मक्का सोडून मदिनेला जाण्याचा प्रसंग, बद्रची लढाई यांवरच्या त्याच्या पत्रांचा मजकूर पुढे तबरी या इतिहासकारानं आपल्या ग्रंथात उतरवून घेतला, म्हणून तो आज वाचता येतो. उर्वाचा शिष्य झुहरी. तो ७४२ साली वारला. उमय्या दरबाराशी त्याचा निकटचा संबंध होता आणि सुटे वृत्तांत एकत्र विणून सलग कथन करण्याची हातोटी त्याला साधली होती. इब्न इसहाक हा या झुहरीचा शिष्य.

इब्न इसहाकचं घराणं मूळचं अरब नव्हतं. त्याचा आजोबा यसार हा ६३३ साली इराकमधल्या ऐन अल्-तम्र इथल्या मोहिमेत कैदी म्हणून पकडला गेला, मदिनेत गुलाम म्हणून आला आणि पुढे मुक्त झाला. नातू मदिनेतच जन्मला. त्याचे वडील आणि काकाही जुन्या हकिकती सांगणाऱ्यांपैकीच होते. तरुणपणी तो इजिप्तला जाऊन तिथल्या विद्वानांकडे शिकला. परतल्यावर मदिनेतल्या प्रतिष्ठितांशी त्याचं बिनसलं. इमाम मालिक यांनी त्याला उघडपणे खोटारडा ठरवलं. उर्वाचा मुलगा हिशाम याची तक्रार वेगळीच होती. इब्न इसहाक काही वृत्तांत हिशामच्या पत्नीच्या हवाल्यानं सांगत असे. माझ्या बायकोला यानं कधी पाहिलं, असा हिशामचा सवाल होता. इब्न इसहाकच्या बाजूचे लोक म्हणत, पडद्याआडून ऐकलं असेल किंवा लिहून मागवलं असेल, त्यात अशक्य ते काय? हा वाद वाचताना एक गोष्ट लक्षात येते. माहिती कोणाकडून आली, कशी आली, प्रत्यक्ष ऐकली की नाही, हे प्रश्न आजच्या विद्यापीठांनी प्रथम उपस्थित केलेले नाहीत. ते त्याच काळात, त्याच गावात आणि कमालीच्या कडकपणे विचारले जात होते.

मदिना सोडून इब्न इसहाक इराकला गेला. तेव्हा उमय्यांची सत्ता उलथून अब्बासी घराणं गादीवर आलं होतं. खलिफा मन्सूरच्या आश्रयानं त्यानं आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला. ग्रंथ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बांधलेलं, पक्कं पुस्तक येतं. तसं ते नव्हतं. त्या काळी गुरू आपल्या टिपणांवरून सांगे, शिष्य लिहून घेत, आणि गुरू दुसऱ्या गावी गेला की तोच विषय थोड्या फरकानं पुन्हा सांगे. त्यामुळे कुफ्यात शिकलेल्या शिष्याची प्रत आणि रय् शहरात शिकलेल्याची प्रत यांत फरक पडला. इब्न इसहाकच्या हातची मूळ प्रत आज कुठेच नाही. आहेत त्या शिष्यांमार्फत आलेल्या, पुढच्यांनी निवडलेल्या आणि कापलेल्या आवृत्त्या.

त्यांतली सर्वांत प्रसिद्ध आवृत्ती इब्न हिशामची. हा इजिप्तमध्ये स्थायिक झालेला भाषापंडित. नवव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात तो वारला. त्याच्या हाती इब्न इसहाकचा ग्रंथ एका शिष्यामार्फत, म्हणजे बक्काईमार्फत आला. आज ज्याला आपण पैगंबरांचं आद्य चरित्र म्हणतो, ते बहुतेक वेळा इब्न हिशामनं संपादित केलेलं हे रूप असतं. त्यानं प्रस्तावनेत आपण काय काय गाळलं ते मोकळेपणानं सांगितलं आहे. पैगंबरांशी थेट संबंध नसलेला सृष्टीच्या आरंभापासूनचा मजकूर त्यानं काढला. काव्याच्या जाणकारांना ठाऊक नसलेल्या कविता काढल्या. बोलायला अशोभनीय वाटणाऱ्या, काही लोकांना दुखावतील अशा आणि गुरूनं विश्वासार्ह न मानलेल्या गोष्टीही वगळल्या. कवितांच्या बाबतीत त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. इब्न इसहाकनं पुराणकाळातल्या आद आणि समूद या लोकांच्या नावावरही अरबी कविता दिल्या होत्या आणि त्याबद्दल जुन्या काव्यसमीक्षकांनी त्याला चांगलंच धारेवर धरलं होतं. पण ‘काही लोकांना दुखावतील’ हे वाक्य इतिहासाच्या अभ्यासकाला स्वस्थ बसू देत नाही. कोण दुखावणार होते?

एक उदाहरण बघा. बद्रच्या लढाईत मक्केच्या बाजूचे बरेच लोक मुसलमानांच्या हाती कैद झाले. इब्न हिशामच्या पुस्तकात या कैद्यांची कुळवार यादी आहे. पैगंबरांच्या हाशिम कुळातल्या कैद्यांत अकील आणि नौफल यांची नावं आहेत, पण पैगंबरांचे काका अब्बास यांचं नाव नाही. आता तबरी उघडावा. तबरी दहाव्या शतकातला, म्हणजे इब्न हिशामच्याही नंतरचा. पण त्याच्याकडे इब्न इसहाकचा ग्रंथ सलमा नावाच्या दुसऱ्या शिष्याच्या वाटेनं आला होता. तिथे इब्न इसहाकच्याच हवाल्यानं अब्बास कसे पकडले गेले आणि त्यांच्या सुटकेसाठी खंडणी कशी द्यावी लागली, हे सविस्तर येतं. ज्या काळात ही पुस्तकं लिहिली आणि वाचली जात होती, तेव्हा गादीवर बसलेलं अब्बासी घराणं याच अब्बासांचं वंशज होतं. घराण्याचा मूळपुरुष इस्लामविरुद्धच्या लढाईत कैदी होता, ही गोष्ट कोणाला आवडणार? अब्बास मनातून आधीच मुसलमान झाले होते, त्यांना बळजबरीनं आणलं होतं, असंही या वृत्तांतांत सांगितलं जातं, त्यामुळे नाव गाळण्यामागे श्रद्धेचं कारणही असू शकतं. कारण काहीही असो. दुसऱ्या शिष्याची वाट तबरीनं जपून ठेवली नसती, तर इथे काही गाळलं गेलं आहे, हे आपल्याला कळलंच नसतं. म्हणून या क्षेत्रातला पहिला नियम असा, की एकच प्रत वाचून इब्न इसहाक काय म्हणतो हे सांगू नये.

आता अब्दुल्लांच्या निधनाकडे येऊ. १९८३ साली मायकेल कुक या इतिहासकारानं पैगंबरांवरच्या आपल्या छोट्या पुस्तकात हा तपशील तीन पायऱ्यांवर तपासला.

पहिली पायरी झुहरीची. त्याचा शिष्य मामर यानं जपलेल्या वृत्तांतानुसार अब्दुल्लांना त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अब्दुल मुत्तलिब यांनी, खजुराची बेगमी करायला यस्रिबला पाठवलं. यस्रिब म्हणजे पुढची मदिना. तिथेच ते वारले. दुसरी पायरी इब्न इसहाकची. पत्नी गरोदर असतानाच अब्दुल्ला वारले, असं तो सांगतो. पण त्याच्या नावावर दुसरं मतही नोंदलेलं आहे, की तेव्हा बाळ अठ्ठावीस महिन्यांचं होतं. खरं काय ते ईश्वर जाणे, असं म्हणून तो विषय सोडतो.

तिसरी पायरी वाकिदीची. वाकिदी ८२३ साली वारला, म्हणजे इब्न इसहाकनंतर सुमारे अर्ध्या शतकानं. त्याचा वृत्तांत त्याचा लेखनिक इब्न साद यानं जपला आहे. तो असा, की अब्दुल्ला कुरैश टोळीच्या तांड्याबरोबर व्यापारासाठी गाझाला गेले होते. परतताना आजारी पडले. तांडा मदिनेवरून जात होता, तेव्हा ते म्हणाले, मी इथे अदी इब्न नज्जार कुळातल्या आपल्या आजोळच्या माणसांकडे राहतो. महिनाभर ते अंथरुणाला खिळून होते. सोबती मक्केला पोहोचले, अब्दुल मुत्तलिबांनी चौकशी केली आणि थोरला मुलगा हारिस याला पाठवलं. तो येईपर्यंत अब्दुल्ला वारले होते आणि नाबिगा नावाच्या माणसाच्या वाड्यात त्यांचं दफन झालं होतं. वय पंचवीस. पाठीमागे उम्म ऐमन ही दासी, पाच उंट आणि शेळ्यामेंढ्यांचा छोटा कळप एवढी मालमत्ता. वाकिदीला इतर मतं ठाऊक आहेत, पण आपल्या मते हेच सर्वांत खरं, असा निर्वाळा तो देतो.

झुहरीकडे खजूर आणि गाव एवढंच होतं. इब्न इसहाककडे अनिश्चितता होती. वाकिदीकडे प्रवासाचा मार्ग, आजाराचा काळ, दफनाची जागा, वय आणि वारसा असं सगळं आहे. घटनेपासून जसजसं दूर जावं तसतशी माहिती अंधुक व्हावी, अशी आपली साधी अपेक्षा असते. इथे उलट झालं. ज्या अर्ध्या शतकात माहिती इतकी वाढली, त्याच्याही आधी घटनेपासून पावणेदोनशे वर्षं होऊन गेली होती. त्या काळात किती वाढली असेल, असा कुकचा प्रश्न आहे. पॅट्रिशिया क्रोन हिनं १९८७ साली मक्केच्या व्यापारावरच्या पुस्तकात असंच दुसरं उदाहरण दिलं. खर्रार इथे गेलेल्या एका तुकडीबद्दल इब्न इसहाक दोन ओळींत सांगतो, की साद इब्न अबी वक्कास आठ माणसं घेऊन गेले आणि लढाई न होता परतले. वाकिदीकडे मात्र महिना आहे, हेतू आहे आणि दिवसा लपून रात्री पायी चालण्याची हकिकत आहे. माणसं आठाची वीस-एकवीस झाली आहेत. हे सगळं थेट साद यांच्या तोंडून आल्याचंही तो सांगतो.

मराठी वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. सभासदाची बखर आणि तिच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी झालेली चिटणिशी बखर शेजारी ठेवल्या, की नंतरच्या लेखकाकडे प्रसंग अधिक भरलेला का दिसतो, हा प्रश्न आपल्या इतिहासकारांनाही पडलेला आहे.

मग वाकिदीनं हे रचलं का? इथे घाई करणं बरोबर नाही. मायकेल लेकर या अभ्यासकानं १९९५ साली अब्दुल्लांच्या निधनाच्या याच उदाहरणावर स्वतंत्र लेख लिहून कुकला उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं, की वाकिदीनं नवं काही निर्माण केलेलं नाही. मदिनेत या प्रसंगाचे अनेक वृत्तांत पूर्वीपासून फिरत होते, वाकिदीनं त्यांतून निवड केली आणि पसंतीचा वृत्तांत पुढे ठेवला. इब्न इसहाककडे एखादी गोष्ट नाही, एवढ्यावरून ती त्याच्या काळात नव्हतीच असं ठरत नाही. ती त्याला मिळाली नसेल किंवा त्यानं घेतली नसेल. वाकिदीच्या कामाची रीतही लक्षात घ्यायला हवी. लढाईत पडलेल्यांचे वंशज शोधून तो त्यांना विचारत असे आणि मग ती जागा स्वतः जाऊन पाहत असे, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. अशा माणसाकडे जास्त माहिती असणं साहजिक आहे. पण हदीसच्या पंडितांनी त्याच्यावर अजिबात विश्वास टाकला नाही, हेही तितकंच खरं.

मला लेकरचा युक्तिवाद पटतो, पण त्यानं अडचण संपत नाही, फक्त मागे सरकते. तपशील वाकिदीनं रचले नसतील, तरी ते कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा सांगितले. ते खऱ्या आठवणीतून आले की सांगणाऱ्याच्या गरजेतून? आणि गरज होती. कुराणाच्या ९३ व्या सुऱ्यात ईश्वर पैगंबरांना आठवण करून देतो, की तुम्ही पोरके होता आणि त्यानं आसरा दिला. कुराणात हा उल्लेख एवढाच येतो. वडील कोण, कुठे, कधी गेले, यातलं काहीही तिथे नाही. कुराण ऐकणाऱ्या पुढच्या पिढ्यांना साहजिकच विचारावंसं वाटलं, की पोरके म्हणजे कसे? मशिदींत कथा सांगणारे कथेकरी होते, कुराणाचा अर्थ लावणारे होते, त्यांनी उत्तरं दिली. पोरकेपण जितकं पूर्ण तितका ईश्वराचा आसरा ठळक, म्हणून जन्मापूर्वी पितृवियोग हे उत्तर रुजलं असणं शक्य आहे. पण ते खरंही असू शकतं, कारण तरुण बाप व्यापाराच्या वाटेवर आजारी पडून मरणं त्या काळी अजिबात दुर्मीळ नव्हतं. कुराणातला छोटा उल्लेख आणि चरित्रातली मोठी कथा यांतलं नातं प्रत्येक ठिकाणी असं दुहेरी आहे. कथा आठवली म्हणून आयत समजली, की आयत समजावी म्हणून कथा आली, हे मजकुराकडे बघून सांगता येत नाही.

कालगणनेचंही तेच आहे. पैगंबरांचा जन्म ‘हत्तीच्या वर्षी’ झाला अशी परंपरा आहे. येमेनचा राजा अब्रहा हत्ती घेऊन मक्केवर चालून आला, ते वर्ष. हे साधारण ५७० धरतात. पण अब्रहाच्या नावाचा अरबस्तानातल्या मोहिमेचा एक कोरीव लेख सापडला आहे आणि त्याचं वर्ष ५५२ येतं. ती मोहीम आणि मक्केची स्वारी एकच असं ठामपणे म्हणता येत नाही. तरीही अब्रहाची कारकीर्द ५७० च्या बरीच आधी संपली असावी, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. जन्माचं वर्ष चाळीस वर्षांचा हिशेब मागे मोजून ठरवलं गेलं असावं, अशीही शंका घेतली गेली आहे, कारण चाळीस हे त्या मुलखात पूर्णत्वाचं वय मानलं जाई. त्यामुळे मदिनेला जाण्यापूर्वीच्या आयुष्यातल्या तारखा इतिहासकार फार जपून वापरतात. मदिनेतली दहा वर्षं, ६२२ ते ६३२, त्या मानानं पुष्कळ घट्ट आहेत, कारण तिथे हजारो साक्षीदार होते आणि करार, लढाया, कर यांना व्यवहारातलं स्थान होतं.

ही चरित्रं एका विशिष्ट आकारात लिहिलेली आहेत आणि त्यांच्यावरची सगळी चर्चा या आकाराभोवती फिरते. प्रत्येक वृत्तांताच्या आरंभी हवाला असतो. मला अमक्यानं सांगितलं, त्याला तमक्यानं, त्याला त्याच्या आजोबांनी. या साखळीला इस्नाद म्हणतात आणि तिच्यामागून येणाऱ्या मजकुराला मत्न. साखळी विश्वासार्ह असेल तर मजकूर विश्वासार्ह, ही हदीसशास्त्राची भूमिका. तिला पाश्चात्त्य विद्यापीठांतून जोराचा धक्का बसला. इग्नाझ गोल्डत्सिहर यानं १८९० मध्ये आणि योसेफ शाख्त यानं १९५० मध्ये दाखवून दिलं, की बऱ्याच साखळ्या नंतर सुधारल्या आणि मागे लांबवल्या गेल्या आहेत. जुन्या लेखकाकडे साखळी तुटकी असते, नंतरच्याकडे ती सलग पैगंबरांपर्यंत पोहोचते. खर्रारच्या हकिकतीत आपण नेमकं हेच पाहिलं. १९७७ साली तर क्रोन आणि कुक यांनी मुस्लिम परंपरा जवळजवळ पूर्ण बाजूला ठेवून फक्त बाहेरच्या लेखकांवर इतिहास उभा करण्याचा प्रयत्न केला. तो फारसा टिकला नाही, पण त्यांनी विचारलेले प्रश्न टिकले.

या प्रश्नांना जे उत्तर मला सर्वांत उपयोगी वाटतं, ते १९९० नंतर ग्रेगोर शोएलर आणि हाराल्ड मोत्स्की यांनी रुजवलेल्या पद्धतीत आहे. साखळी आणि मजकूर दोन्ही एकत्र तपासायचे. समजा, एक प्रसंग उर्वाच्या नावावर सांगितलेला आहे. तो उर्वाचा मुलगा हिशाम याच्यामार्फत काही पुस्तकांत आला आणि उर्वाचा शिष्य झुहरी याच्यामार्फत दुसऱ्या पुस्तकांत. आता सगळ्या उपलब्ध आवृत्त्या शब्दशः जुळवायच्या. दोन्ही शाखांचा मजकूर अक्षरशः सारखा असेल तर शंका घ्यायची, कारण कोणीतरी कोणाचं उतरवून नवी साखळी जोडली असणार. सांगाडा सारखा पण शब्द वेगळे असतील, हिशामच्या शाखेतल्या सगळ्या आवृत्त्यांना त्यांची अशी खूण असेल आणि झुहरीच्या शाखेला तिची वेगळी, तर दोन्ही शाखा खरोखर स्वतंत्र आहेत. मग दोघांत जे समान उरतं, ते उर्वानं सांगितलेलं असलं पाहिजे. एखाद्या ठिकाणी दोन्ही शाखांत नसलेली गोष्ट फक्त एका उशिराच्या लेखकाकडे दिसली, तर ती नंतरची भर म्हणून बाजूला ठेवता येते.

शोएलर आणि आंद्रेयास ग्योर्के यांनी २००८ साली उर्वाच्या नावावरचे सगळे मोठे वृत्तांत असे तपासून पुस्तक काढलं. पहिला साक्षात्कार, मदिनेला स्थलांतर, बद्र, उहुद, हुदैबियाचा तह, मक्केचा विजय अशा प्रसंगांचा गाभा त्यांनी उर्वापर्यंत नेला. म्हणजे सातव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, घटनेपासून साठ-सत्तर वर्षांच्या आत. उर्वाला आयेशा भेटत होत्या, प्रत्यक्ष साक्षीदारांची मुलं भेटत होती. पण या पद्धतीनं उर्वा काय म्हणाला एवढंच सिद्ध होतं. उर्वा बरोबर होता का, हे सिद्ध होत नाही. त्याचा भाऊ अब्दुल्ला इब्न जुबैर यानं मक्केत खलिफा म्हणून उमय्यांशी लढा दिला आणि ६९२ साली तो मारला गेला. त्याच उमय्या खलिफाला उर्वा पुढे पत्रं लिहीत होता. आपल्या मावशीबद्दल, आजोबांबद्दल, वडिलांबद्दल लिहिताना त्याची लेखणी कुठे झुकली असेल, हा विचार करावाच लागतो. शिवाय उर्वापर्यंत जाणारे दोन स्वतंत्र रस्ते फक्त थोड्या प्रसंगांना आहेत. बाकी चरित्राचा मोठा भाग एकेरी साखळ्यांवर उभा आहे आणि तिथे ही पद्धत चालत नाही.

बाहेरचे पुरावे थोडे आहेत, पण कामाचे आहेत. थॉमस नावाच्या एका ख्रिस्ती धर्मगुरूनं सिरियाक भाषेत ६४० च्या सुमारास लिहिताना गाझाच्या पूर्वेला रोमन फौज आणि ‘महंमदाचे अरब’ यांच्यात ६३४ मध्ये झालेली लढाई नोंदवली आहे. ६६० च्या दशकातल्या एका आर्मेनियन इतिहासात महंमद नावाचा व्यापारी अरबांना अब्राहमच्या ईश्वराकडे वळवतो, असं येतं. पैगंबर ऐतिहासिक व्यक्ती होते याबद्दल आज गंभीर अभ्यासकांत वाद नाही. पण अब्दुल्ला गाझाहून परतताना वारले की खजूर आणायला गेले असताना, हे यांतल्या कोणालाच ठाऊक असण्याचं कारण नाही.

आणि इब्न इसहाकच्या ग्रंथातच एक मजकूर असा आहे, ज्याला साखळी अजिबात नाही, तरी अत्यंत संशयी अभ्यासकही तो अस्सल मानतात. मदिनेत आल्यावर पैगंबरांनी तिथल्या टोळ्यांशी केलेला करार. त्यात मदिनेतल्या ज्यू कुळांचा उल्लेख श्रद्धावंतांच्या बरोबरीनं, एका समूहाचे घटक म्हणून येतो. पुढे ज्यूंशी संघर्ष झाला, काही कुळांना मदिना सोडावी लागली, आणि नंतरच्या मुस्लिम लेखकांची भूमिका त्या संघर्षानं घडली. त्यांच्यातल्या कोणाला खोटा दस्तऐवज रचायचा असता, तर त्यानं असा मजकूर कशाला रचला असता? भाषा जुनी आहे, खंडणी आणि खुनाच्या भरपाईचे नियम टोळ्यांच्या रोकड्या व्यवहाराचे आहेत, आणि नंतरच्या कायद्याशी त्यांचा मेळ बसत नाही. इब्न इसहाकनं तो जसा मिळाला तसा ठेवला. नंतरच्या मताला गैरसोयीचं असूनही टिकून राहिलेलं वाक्य, ही चरित्रग्रंथांतली सर्वांत भरवशाची खूण आहे.

म्हणून पैगंबरांचं चरित्र, मग ते मराठीत असो वा इंग्रजीत, वाचायला घ्याल तेव्हा एवढं पाहा. प्रसंगाखाली हवाला कोणाचा आहे, इब्न हिशामचा, तबरीचा की वाकिदीचा? तारीख, वय, माणसांची संख्या, तोंडचे संवाद असा भरगच्च तपशील दिसला, तर तो बहुधा वाकिदीच्या वाटेनं आला आहे असं समजा आणि तोच प्रसंग इब्न इसहाककडे किती ओळींत आहे ते शोधा. इब्न इसहाकचा ग्रंथ आल्फ्रेड गियोम यानं १९५५ साली इंग्रजीत आणला. इब्न हिशामनं कापलेले कित्येक भाग तबरीतून काढून त्यानं आपापल्या जागी परत बसवले आणि इब्न हिशामच्या टिपा वेगळ्या काढून शेवटी दिल्या. हे पुस्तक आजही छापलं जातं. कोणताही एक प्रसंग निवडून त्यात तो वाचावा, आणि मग आपल्या हातातलं चरित्र त्याच्याशी ताडून पाहावं.